दोन शेर ज्वारीचा वेळ

चतुराबाईचा राग झरी गावात कुणाला नवा नव्हता. राग नाकावर असतो म्हणतात, तिचा तर डोक्यावरच्या पदराखालीच बसलेला असायचा. पदर जरा सरकला की बाहेर. पण त्या दिवशी पहाटे नवऱ्याला गाडी जुंपायला लावून ती परभणीच्या रस्त्याला लागली, तेव्हाचा राग वेगळा होता. एरवी ती रागावली की बडबडायची. त्या दिवशी चाकोरीतून गाडी धक्के खात होती आणि ही औषधाची बाटली मुठीत आवळून गप्प बसली होती. दिनकरराव बिचारे बैलांच्या शेपट्यांकडे बघत राहिले. बायको बोलत नाही म्हणजे परभणीत कुणाचं तरी काही खरं नाही, एवढं त्यांना तीस वर्षांच्या संसारात कळलं होतं.

रागाचं कारण घरात बाजेवर पडलेलं होतं. लेक कमल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पोरगी झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप सुटल्या, आणि पाचव्या दिवशी कमलचं तोंड आलं. साधं नाही. जीभ, गाल, ओठांची आतली बाजू, सगळीकडे पांढरे फोड आणि त्यांच्या भोवती लालभडक कड. जीभ सुजून दातांना लागायला लागली. बोलणं गेलं, मग खाणं गेलं. दुधात कालवलेल्या कण्यांचा एक घास आत जायचा तर डोळ्यांतून पाणी यायचं. बाळंतीण जेवली नाही की दूध कुठून येणार? आठव्या दिवशी पोरगी छातीला लावली तरी रडायला लागली. रडून रडून तिचा आवाज बारीक झाला, आणि बारीक आवाजाचं मूल हे रडणाऱ्या मुलापेक्षा वाईट, हे चतुराबाईला चांगलं माहीत होतं. तिची स्वतःची दोन तशीच गेली होती.

जाईचा पाला झाला, तुरटी झाली, गावातल्या म्हातारीने सांगितलेलं लोणी झालं. कशाने उतार पडला नाही तेव्हा ती पहिल्यांदा परभणीला गेली होती. दवाखान्याच्या दारावर उर्दू पाटी, आत निजामाची तसबीर, आणि तिच्याखाली बसलेले डॉक्टरसाहेब. बाळंतीण कुठे आहे, म्हणून ते आधी खेकसले. बाळंतीण सव्वा महिना उंबरा ओलांडत नाही, हे चतुराबाईने त्यांना तेवढ्याच जोरात सांगितलं. मग त्यांनी जे विचारायचं ते विचारून चिठ्ठी लिहिली, आणि ती चिठ्ठी घेऊन ती व्यंकटराव कंपाऊंडरच्या खिडकीशी उभी राहिली.

व्यंकटराव हा उंच, वाळका, कायम पोट दुखत असल्यासारखा चेहरा असलेला माणूस. पण औषध देताना तो घाई करत नसे. त्याने जांभळ्या औषधाची छोटी बाटली दिली, कापसाचा पुडा दिला आणि बोटांवर मोजत सगळं समजावलं. आधी तिला जे काय खायला-प्यायला द्यायचं ते द्या. मग कोमट पाण्यात मीठ टाकून चूळ भरायला लावा. नुसती भरून थुंकायची नाही. साठ आकडे मोजेपर्यंत पाणी तोंडात खेळवायचं, गिळायचं नाही, मग थुंकायचं. नंतर स्वच्छ कापसाने फोड अलगद टिपून कोरडे करायचे. ओल्यावर औषध धरत नाही. मग नव्या कापसाच्या बोळ्याने एकेका फोडावर हे जांभळं लावायचं, आणि परत साठ मोजेपर्यंत तोंड उघडं ठेवायचं. लाळ आली तर थुंकायची, औषध गिळायचं नाही. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा.

शेवटी तो खिडकीतून पुढे वाकून म्हणाला होता, “आणि लावल्यावर अर्धा तास अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. औषधाला फोडावर बसायला वेळ लागतो. तो नाही दिला तर लावून न लावल्यासारखंच.”

आमच्याकडे कुठलं घड्याळ, असं चतुराबाईने विचारलं. त्याने जरा विचार केला आणि सांगितलं, दोन शेर ज्वारी दळून होईपर्यंत.

ते तिला पटलं. मोजमाप तिच्या हातातलं होतं. आणि खरं सांगायचं तर तिने ते अगदी देवाच्या नेमासारखं पाळलं. साठ मोजताना ती आकडा चुकली तर पुन्हा एकपासून सुरू करायची. कापूस कुणाला शिवू द्यायची नाही. औषध लावून झालं की जात्यावर बसायची, दोन शेर ज्वारी मोजून घ्यायची, आणि जात्याच्या पाळीला अर्धा दाणा शिल्लक असला तरी कमलला पाणी द्यायची नाही. जाऊ विचारायची, एवढं पीठ खाणार कोण? ती म्हणायची, गावाला वाटीन, तुला काय करायचंय?

पाच दिवस असे गेले. दहा वेळा औषध लागलं, वीस शेर ज्वारी दळून झाली, आणि फोड होते तसेच. तसेच कसले, जिभेच्या कडेला नवे दोन आले. कमलच्या छातीत आता दूध दाबून काढावं तेव्हा चार थेंब यायचे. धनगराच्या भिवराबाईकडून शेळीचं दूध आणून, पाणी घालून उकळून, कापसाच्या वातीने पोरीच्या तोंडात सोडायची वेळ आली. तेही निम्मं उलटून पडायचं. तेव्हा चतुराबाईच्या डोक्यात उजेड पडला, म्हणजे तिला तसं वाटलं. औषध खोटं होतं. खरं औषध सायबांच्या बायकांना, आणि आमच्या लेकींना रंगाचं पाणी. बस्स, तळपायाची आग मस्तकात गेली, आणि गाडी जुंपली गेली.

दवाखान्यात त्या दिवशी गर्दी होती. तापाचे, खरजेचे, डोळे आलेले, सगळे ओळीने बसलेले. चतुराबाईने ओळ पाहिली नाही. सरळ खिडकीशी गेली आणि बाटली फळीवर आपटली. मग जे बोलली ते सगळंच लिहिण्यासारखं नाही. गरिबाची लेकरं मारून तुम्ही कुठे फेडणार, ही त्यातली सगळ्यात मऊ गोष्ट. तुझी बायको बाळंत होती तेव्हा तिला हेच पाणी पाजलंस का, असंही विचारून झालं. ओळीतली माणसं आपलं दुखणं विसरून ऐकत होती. दिनकरराव दाराशी उभे राहून जमिनीकडे बघत होते. दिनकररावांना जमिनीचा हाच एक उपयोग माहीत होता.

व्यंकटरावाचा चेहरा पांढरा झाला. घाबरून नाही, रागाने. चौदा वर्षं तो माणूस त्या खिडकीत उभा होता, आणि औषधात पाणी घालतोस असं त्याला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. त्याने बाटलीचं बूच काढलं, कापसाचा बोळा बुडवला, आणि सगळ्यांच्या देखत स्वतःच्या जिभेवर जांभळा पट्टा ओढला. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. काटा कुठे आहे ते बघून ठेवा, म्हणाला, आणि इथंच उभ्या राहा.

ती उभी राहिली. मागे कशाला हटेल? अर्धा तास ती त्या खिडकीशी हात कमरेवर ठेवून उभी होती आणि तो तोंडातून चकार शब्द न काढता बाकीच्यांची औषधं देत होता. समजवायचं ते खुणेने. काटा खाली आल्यावर त्याने मडक्यातलं पाणी घेतलं, खळखळून चूळ भरली, आणि जीभ बाहेर काढली. पट्टा होता तसा. जांभळ्या वांग्यासारखा.

“आता सांगा,” तो म्हणाला. जीभ आत घेतली तरी राग बाहेरच होता. “रंगाचं पाणी हाय का हे? माझ्या जिभेवरून हे उद्यापर्यंत जाणार न्हाई. तुमच्या लेकीच्या तोंडात किती वेळ राहतं?”

चतुराबाईने आठवलं. जात्यावरून उठून बघावं तर फोड पुन्हा पांढरे झालेले असायचे. कडेला कुठे फिकी जांभळी रेघ. तिने ते तसंच सांगितलं. यातूनच औषध खोटं ठरतं, असंही वर जोडलं.

व्यंकटरावाने काऊंटरवर मूठ आपटली. मग तिच्या तोंडात काहीतरी जातंय, म्हणाला. पाणी देता? नाही. चहा? आमच्याकडे कुठला चहा. दूध? नाही. पान, तंबाखू, मिश्री? बाळंतिणीला मिश्री देईन का मी, असं चतुराबाईने ओरडून विचारलं. नातीची शपथ घेऊन तिने सांगितलं, की औषध लावल्यावर अन्नाचा कण आणि पाण्याचा थेंब तिने दिलेला नाही. आणि ती शपथ खरीच होती. तिच्या हिशेबाने अगदी खरी.

त्याने जुनी बाटली बाजूला सरकवली. बाळंतिणीच्या खोलीत काय काय चालतं ते पुरुषाला कुठून कळणार? शेवटी त्याने त्याच औषधाची भरलेली बाटली दिली आणि म्हणाला, “आज दळायला बसू नका. औषध लावा, तिच्या समोर बसा, आणि अर्धा तास नुसतं बघा. डोळे हलवू नका. मग मला शिव्या द्यायला या, मी इथंच हाय.”

परतीच्या वाटेवर चतुराबाईला बोलायला तोंड फुटलं. झरी येईपर्यंत दिनकररावांनी व्यंकटरावाच्या सात पिढ्यांची हकीकत ऐकली. माझ्यावर पाळत ठेवायला मलाच सांगतो. माझ्या घरात चोर आहे म्हणतो. बघीन, नक्की बघीन, आणि बघून झालं की त्याच्या खिडकीत जाऊन त्याची जीभ उपटीन.

घरी पोचली तेव्हा दिवस अजून मावळला नव्हता. पोरगी झोळीत निपचित होती. चतुराबाईने हातपाय धुतले आणि कामाला लागली. कमलला चार चमचे गार केलेल्या कण्या दिल्या. चूळ, साठ आकडे. कोरडा कापूस. जांभळा बोळा, एकेक फोड, नऊ मोजले. पुन्हा साठ. कमल तोंड उघडं ठेवून वर आढ्याकडे बघत होती. सगळे फोड जांभळे दिसत होते. ठीक. आता बघायचं.

आणि मग तिचा हात आपोआप कोनाड्यात गेला.

कोनाड्यात शोपांचा डबा होता. बाळंतशोपा, ओवा, तीळ, खोबऱ्याचा कीस आणि वरून सैंधव, हे सगळं तव्यावर भाजून केलेलं. बाळंतिणीच्या तोंडात काही गेलं की त्यावर मूठभर शोपा चावायच्या, हे चतुराबाईच्या आईने तिला सांगितलं होतं आणि तिच्या आईला तिच्या आईने. वारा धरत नाही, दूध येतं, पोट बसतं. जेवणावर शोपा, काढ्यावर शोपा, औषधावरही शोपा. शोपा म्हणजे काही खाणं नाही. एकादशीलासुद्धा चालतात. त्यामुळे व्यंकटरावाने अन्नाचा कण म्हटलं तेव्हा चतुराबाईच्या मनात भाकरी आली, कण्या आल्या, लाडू आला. शोपा आल्या नाहीत. रोज दोन्ही वेळा औषध लावून झालं की तिने कमलच्या हातावर मूठभर शोपा ठेवल्या होत्या, ती तोंडात टाकेपर्यंत उभी राहिली होती, आणि मग पाठ फिरवून जात्यावर बसली होती.

आजही तिने ठेवल्या. आज फक्त पाठ फिरवली नाही.

कमलने शोपा तोंडात टाकल्या. चावल्या. पहिल्याच चावण्याला तिचं सगळं अंग ताठ झालं आणि तिने बाजेची काथी मुठीत घट्ट धरली. डोळे मिटले. गालावरून पाणी ओघळलं. मीठ होतं ते, ओव्याचा तिखटपणा होता, आणि ते खरबरीत दाणे एकेका उघड्या फोडावरून फिरत होते. ती थांबली नाही, चावत राहिली. पाच दिवसांत शिकली होती, की लवकर चावून टाकलं की लवकर संपतं. मग बाजेखालची राखेची पाटी ओढली आणि चोथा थुंकली.

चोथा जांभळा होता.

चतुराबाईने पाटी उचलली आणि दाराशी उजेडात नेली. राखेत जुने चोथेही होते, वाळलेले. काल संध्याकाळचा जांभळा. काल सकाळचा जांभळा. हे तिने पाहिलं नव्हतं असं नाही. रोज सकाळी पाटी तीच टाकायची, आणि रोज तिला वाटायचं, औषध आतली घाण ओढून काढतंय. ती परत आली आणि कमलची हनुवटी धरून तोंड उघडलं. नऊपैकी सात फोड पांढरे होते. दोन फोडांतून रक्त येत होतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण चतुराबाईने आयुष्यात शंभर जणांना ऐकवली असेल. त्या वेळी तिला कुठलीच म्हण सुचली नाही. तिने डबा उचलला, अंगणात गेली आणि सगळ्या शोपा उकिरड्यावर ओतल्या. मग डबाही फेकला. डब्याचा आवाज ऐकून जाऊ बाहेर आली आणि बाळंतिणीच्या शोपा कुणी उकिरड्यावर टाकतं का, असं म्हणाली. चतुराबाई तिच्यावर असं काही ओरडली की ती निमूट आत गेली. ओरडून झालं तरी राग जागेवरच होता. कंपाऊंडरवर तो आता काढता येत नव्हता. जावेवर काढला तर उरला. आईवर काढावा तर ती वीस वर्षांपूर्वी मेलेली.

त्या दिवसापासून तिने जातं जावेला दिलं. औषध लावायचं, साठ मोजायचे, आणि पलीकडच्या खोलीतून दोन शेर ज्वारीची घरघर थांबेपर्यंत कमलसमोर जमिनीवर बसून राहायचं. काही द्यायचं नाही, काही बोलायचं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सकाळचा जांभळा रंग अजून फोडांवर होता. तिसऱ्या दिवशी कड फिकी झाली. चौथ्या दिवशी कमलने वाटीभर कण्या खाल्ल्या. पाचव्या दिवशी तिने मऊ भाकरी दुधात कुस्करून मागितली, अर्थात खुणेने. फोड बुजत चालले होते. जीभ उतरली होती.

दूध मात्र उतरलं नाही. पोरगी छातीला लागायची, चार घोट घ्यायची आणि तोंड बाजूला करायची. भिवराबाईच्या शेळीच्या दुधाला ती आता सरावली होती. वात चोखायला शिकली होती. जगेल, असं भिवराबाई म्हणाली, आणि तिच्या शब्दाला किंमत होती, कारण तिने कोकरं आणि लेकरं दोन्ही जगवली होती.

चतुराबाईने मनाशी ठरवलं होतं, की कमलचं तोंड पुरतं बरं झालं की परभणीला जायचं आणि व्यंकटरावाला सगळ्या ओळीसमोर सांगायचं, चूक माझी होती. ते तिला जड वाटत नव्हतं. उलट तो चिडेल, चार शब्द लागट बोलेल, आणि ते ऐकून घेतले की काहीतरी फिटेल असं तिला वाटत होतं. त्याच हिशेबाने ती आठव्या दिवशी सकाळी कमलसमोर बसली, तोंड उघडायला लावलं, आणि फोड मोजले. एकही नव्हता. जिभेवर नुसते जांभळे डाग.

“बरं झालं गं बाई,” ती म्हणाली. “आता बोल काईतरी. दोन आठवडे झाले, तुझा आवाज ऐकला न्हाई मी.”

कमलने पोरीला मांडीवर नीट घेतलं. तिची जीभ अजून सवयीने दातांना चुकवत होती, त्यामुळे ती सावकाश बोलली.

“मी न्हाई म्हणत व्हते, आई. रोज. सकाळी एकदा अन् सांजच्याला एकदा.”

चतुराबाईने औषधाच्या बाटलीचं बूच घट्ट दाबलं.

“तू शोपा दिल्या की मी मान हलवायचे. बाटलीकडं बोट करायचे, डब्याकडं बोट करायचे. तू म्हणायचीस, बाळंतिणीनं न्हाई म्हणू न्हाई. मग मी तुझा हात धरला. तुला आठवतंय का, तू काय केलंस?”

आठवत होतं. पहिल्या बाटलीच्या तिसऱ्या दिवशी. कमलने डबा धरलेला हात पकडला होता आणि सोडत नव्हती. चतुराबाईला वाटलं, पोरगी नाटकं करतेय. पदरात तान्हं लेकरू उपाशी आहे आणि हिला शोपांचा कंटाळा.

“माझ्या हातावर मारलंस,” कमल म्हणाली. “अन् मग जात्यावर बसून ओव्या म्हणाय लागलीस. माझ्याच पोरीच्या नावानं.”

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर चतुराबाईला बरं वाटलं असतं. चढलेल्या आवाजाला उत्तर कसं द्यायचं ते तिला ठाऊक होतं, आख्ख्या झरीत तिच्याइतकं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. इथे लेक शांत बसून तिच्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात जो राग होता तो चतुराबाईने कधी कुणाच्या तोंडावर पाहिला नव्हता. स्वतःचा चेहरा माणसाला दिसत नाही म्हणून, नाहीतर पाहिला असता.

मांडीवरच्या पोरीने चुळबूळ केली आणि रडायला सुरुवात केली. कमलने तिला छातीला लावलं. पोरगी लागली, दोनदा ओढलं, मान फिरवली आणि पुन्हा रडायला लागली. कमलने चोळी नीट केली.

“जा,” ती म्हणाली. “शेळीचं घेऊन ये. माझं आटलं.”

चतुराबाई उठली, तांब्या घेतला आणि भिवराबाईच्या दाराशी जाऊन उभी राहिली. शेळी अजून रानातून यायची होती. थांबावं लागेल, असं भिवराबाई म्हणाली. चतुराबाई थांबली. घर चार दारं पलीकडे होतं, आणि पोरीचं रडणं तिथपर्यंत स्पष्ट ऐकू येत होतं.